प्रेशर नॉर्मल आहे

आमच्या घरात बाबांना डोळ्यांवरून कुणी काही बोलायची सोय नव्हती. ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावर तो छंद फुकट सुरू राहिला. लग्नपत्रिका आली की तारीख-वार नंतर, आधी ‘चि. सौ. कां.’वरचा अनुस्वार जागेवर आहे की नाही ते बघायचे. नसला तर पत्रिका टेबलावर टाकून म्हणायचे, “एवढं मोठं कार्यालय घेतलंय, अनुस्वार तेवढा परवडला नाही.” वाचायचा चष्मा सोडला तर त्यांना दुसरा नंबर नव्हता. लांबच्या पाट्या ते माझ्या आधी वाचायचे, आणि ‘माझी नजर सहा बाय सहा आहे’ हे वाक्य आल्यागेल्याला ऐकवायचे.

आत्याचा फोन आला तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. बाबांची ही एकुलती एक सख्खी बहीण, कसबा पेठेत राहायची. तिला काचबिंदू निघाला होता. निघाला म्हणजे अगदी उशिरा निघाला, कारण एका डोळ्याने काहीच दिसत नाही हे तिला दुसऱ्या डोळ्यात धूळ गेली तेव्हा कळलं. तो डोळा पदराने झाकला आणि समोरचा दिवा लागलेला असूनही अंधार झाला. डॉक्टरांनी तिला एक निरोप दिला होता आणि तो तिने बाबांना तसाच्या तसा पोचवला. फोन ठेवून बाबांनी आम्हाला सांगितलं, “काचबिंदू घराण्यात येतो म्हणे. सगळ्या सख्ख्या भावंडांनी प्रेशर तपासून घ्या असं सांगितलंय.”

बाबा कर्तव्याला चुकणारे नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले, बाही वर केली, दंडाला पट्टा बांधून घेतला आणि परत आले. त्याच दिवशी आत्याला फोन केला. “अगं, माझं प्रेशर नॉर्मल आहे. एकशे तीस-ऐंशी.” पलीकडून आत्या म्हणाली असणार, बरं झालं बाई, कारण बाबांनी फोन ठेवताना कपाळावरचा घाम पुसला.

तेव्हा कुणालाच काही खटकलं नाही. पुण्यात प्रेशर म्हटलं की ते एकच. कुणाचं वाढतं, कुणाचं लो होतं, आणि ते दंडाला पट्टा बांधून मोजायचं असतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पुढे आत्या सणावाराला भेटली की विचारायची, “दादा, प्रेशर बघतोस ना?” आणि बाबा अभिमानाने सांगायचे, “दर महिन्याला.” दोघंही खरं बोलत होते.

मग आमचे दिवस पालटले. मी सॉफ्टवेअर कंपनीत, नवराही त्यातलाच, त्यामुळे कर्ज मिळायला अडचण आली नाही. आम्ही धायरीला फ्लॅट घेतला आणि आई-बाबांना तिकडेच बोलावून घेतलं. तेव्हा धायरीत आमच्या इमारतीच्या मागे ज्वारी उभी असायची. मी सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जायची ती दिवस मावळल्यावर परत यायची. नवरा ऑनसाइट म्हणून अमेरिकेत. माझ्या मुलीला शाळेत सोडायचं आणि आणायचं काम बाबांच्या स्कूटरवर आलं. ती पुढे उभी राहायची, हँडलच्या मधोमध हात धरून.

त्या काळात घरात काही बारीकसारीक गोष्टी बदलत होत्या. जेवताना डाव्या बाजूचं पाण्याचं भांडं बाबांचा हात लागून सांडायचं. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. आई म्हणायची, “अहो, म्हातारपणी काय धांदरटपणा हा!” सोसायटीतले लोक तक्रार करायचे की तुमचे वडील ओळख दाखवत नाहीत, शेजारून गेलं तरी मान वळवत नाहीत. बाबांचं उत्तर तयार असायचं, “मान वळवावी इतकं त्यांच्यात काय आहे?” आणि आम्ही हसायचो.

रस्त्याबद्दल मात्र ते चिडून बोलायचे. पुण्यातली रहदारी बिघडली, लोकांना शिस्त राहिली नाही, हातात पैसा आला आणि अक्कल गेली. “कुठून तरी एकदम उगवतात!” हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. सायकलवाला एकदम उगवला. म्हैस एकदम उगवली. आयटीतली पोरं तर जमिनीतूनच उगवतात. मलाही रोज तोच अनुभव यायचा, त्यामुळे मी हो ला हो म्हणायची.

कंपनीत दरवर्षी आरोग्य तपासणी असायची. त्या वर्षी एका शनिवारी कॅफेटेरियाच्या कोपऱ्यात डोळ्यांचं यंत्र मांडलं होतं. हनुवटी टेकवली, समोर चित्र दिसलं, आणि डोळ्यावर फट् करून हवेची फुंकर बसली. मी दचकून मागे सरकले. यंत्र चालवणारी मुलगी म्हणाली, “घाबरू नका मॅडम, डोळ्याचं प्रेशर घेतेय. दुसरा डोळा.”

“डोळ्याचं?”

“हो. काचबिंदूसाठी बघतात ना. त्यात कडेचं दिसेनासं होतं आणि कळतही नाही.”

दुसरी फुंकर बसली ती मला जाणवलीसुद्धा नाही. माझ्या कानात आत्याचा निरोप वाजत होता. सगळ्या भावंडांनी प्रेशर तपासून घ्या. त्या मुलीने माझं प्रेशर नॉर्मल असल्याचं सांगितलं आणि मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. सांडलेलं पाणी, आपटलेला खांदा, शेजारून जाणारे लोक, आणि एकदम उगवणारी अख्खी दुनिया. उगवत काहीच नव्हतं. सगळं आधीपासून तिथेच असायचं.

घड्याळात बघितलं तर मुलीची शाळा सुटायची वेळ झाली होती. घरी फोन लावला. आई म्हणाली, “आत्ताच निघाले तिला आणायला.” बाबांजवळ मोबाइल नव्हता. ‘ज्याला भेटायचंय त्याने घरी यावं’ असं त्यांचं म्हणणं होतं. मी जिन्यात जाऊन बसले. सिंहगड रस्त्यावरची सगळी वळणं डोळ्यांसमोर येत होती आणि प्रत्येक वळणावर डावीकडून काहीतरी येत होतं. आयुष्यात मी इतकी भ्याले नव्हते. हिंजवडीहून धायरीला वेळेत पोचणं शक्य नव्हतं, हे माहीत असूनही मी पर्स उचलून खाली गेले आणि गेटवर नुसतीच उभी राहिले. आईचा फोन आला की दोघं घरी आलीत, जेवायला बसलीत, तेव्हा कुठे मी गेटवरून परत वर गेले.

घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि वर्तमानपत्र उचलून तळाची, मुंगीच्या अक्षरातली जाहिरात मोठ्याने वाचून दाखवली. “झालं समाधान? आंधळा माणूस हे वाचतो का?”

“बाबा, काचबिंदूत समोरचं शेवटपर्यंत दिसतं. कडेचं जातं.”

“हे तुला त्या फुंकर मारणाऱ्या पोरीने सांगितलं की कॉम्प्युटरने?”

मी म्हटलं, ठीक आहे, उद्या रविवार आहे, आपण आत्याकडे जाऊ, तिलाच विचारू. ते लगेच तयार झाले, मात्र स्कूटरवरून. रिक्षा करू म्हटलं तर म्हणाले की रिक्षावाल्याचे डोळे कुणी तपासलेत? मुलीला आईजवळ ठेवून मी मागे बसले. हा वेडेपणा होता हे मला कळत होतं. पण ते मानणार नव्हते, आणि एकटे गेले असते तर ते मला जास्त भयंकर वाटलं असतं.

स्वारगेटपर्यंत मी प्रार्थना करत होते. ते हळू चालवायचे, कदाचित त्यामुळेच इतके दिवस निभावलं होतं. चौकात डाव्या बाजूने पीएमटीची बस वळत होती. लाल, अजस्र, आणि ड्रायव्हर सारखा हॉर्न देत होता. मला ती केव्हाची दिसत होती. बाबा मजेत सरळ चालले होते. पुढच्या दुकानाच्या पाटीतला ‘अमृततूल्य’ दीर्घ लिहिलाय असं ते मला सांगत होते. मी किंचाळले, “बाबा, बस!” त्यांनी ब्रेक दाबला. बस आमच्या चाकाजवळून गेली आणि खिडकीतून कुणीतरी ओरडलं, “आजोबा, डोळे आहेत का बटणं?”

बाबांनी स्कूटर कडेला घेतली. नेहमीचं वाक्य म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग विचारलं, “तुला कधीपासून दिसत होती?”

“खूप आधीपासून.”

“हॉर्न ऐकू येत होता मला. वाटलं, मागून कुठूनतरी वाजतोय.” त्यांनी किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली.

आम्ही स्कूटर तिथेच लावून रिक्षाने कसब्यात गेलो. आत्या खाटेवर बसली होती. उरलेल्या डोळ्याने तिला माणूस दिसायचा, पण सरळ समोर बसल्यावरच. मी तिला विचारलं की तेव्हा डॉक्टरांनी कसलं प्रेशर तपासायला सांगितलं होतं?

“डोळ्याचं. दुसरं कसलं?”

“मी बीपी मोजत होतो,” बाबा म्हणाले.

आत्याला आधी हसू आलं. “अरे, दर महिन्याला?” म्हणाली, आणि हसता हसताच तिने पदर तोंडाला लावला. ती रडत होती. “मी मेली नुसतं प्रेशर म्हटलं रे, दादा. मला वाटलं, डोळ्याचा विषय चाललाय तर डोळ्याचंच समजेल.” बाबा तिच्याजवळ सरकून बसले. मग ती म्हणाली, “आपले अण्णा शेवटी भिंत धरून चालायचे ते आठवतं? आपण म्हणायचो, मोतीबिंदू पिकलाय. तो मोतीबिंदू नसणार रे.” बाबांनी मान हलवली. आपल्या वडिलांचं आंधळेपण त्या दोघांना त्या दुपारी नव्याने कळलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा घेऊन बाबांना टिळक रस्त्यावरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बाबांच्या डोळ्यांत बधिर करणारा थेंब घातला, मग पिवळा रंग, आणि निळ्या उजेडातली एक बारीक नळी बुबुळाला अलगद टेकवली. एका डोळ्याचं प्रेशर अठ्ठावीस निघालं, दुसऱ्याचं त्याहून जास्त. एकवीसच्या आत असलं तर साधारण बरं समजतात, एवढंच त्या म्हणाल्या. मग बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून डोळ्याच्या मागची नस बघितली आणि शेवटी त्यांना कडेच्या नजरेच्या तपासणीसाठी आत पाठवलं.

त्या तपासणीचा कागद मला वाचता यायची गरज नव्हती. मधे एक पांढुरका तुकडा, खिडकीएवढा, आणि चारी बाजूंनी काळं. डावीकडे तर काळं अगदी मधल्या तुकड्यापर्यंत आलेलं.

डॉक्टरांनी सांगितलं, “डोळ्याच्या आत पाणी तयार होत असतं आणि एका बारीक जाळीतून ते बाहेर जात असतं. मोरीची जाळी तुंबावी तसं झालं की आत दाब वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही, लाल होत नाही. कडेचं आधी जातं. एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, आणि जिथे दोघांनाही दिसत नाही तिथलं मेंदू आपल्या मनानेच रंगवतो. त्यामुळे काळं काही दिसत नाही. जे दिसत नाही तेही दिसतंय, असंच वाटतं.”

बाबांनी विचारलं, “यातलं परत किती येईल?”

“काहीच नाही. उरलंय ते टिकवायचं. थेंब रोज, आयुष्यभर. गाडी आजपासून बंद.”

“बहिणीचा फोन आला होता तेव्हाच आलो असतो तर?”

“तेव्हा किती गेलं होतं हे मी सांगू शकत नाही. आजच्यापेक्षा कमी, हे नक्की.”

बाबा म्हणाले, “मी दर महिन्याला तपासत होतो,” आणि ते इतकं केविलवाणं होतं की मी दुसरीकडे बघायला लागले.

तेवढ्यात डॉक्टर मला म्हणाल्या, “आता तुम्ही बसा.”

मी म्हटलं, “माझं झालंय. कंपनीत तपासलं, प्रेशर नॉर्मल आहे.”

हे वाक्य तोंडातून गेलं आणि बाबांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. डॉक्टर म्हणाल्या, “नुसत्या प्रेशरवर भागत नाही. काहींचं प्रेशर नॉर्मल असतं आणि तरी नस जाते. आजोबा, आत्या, वडील. तुमची पूर्ण तपासणी झाल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही.”

प्रेशर माझं त्या दिवशीही एकवीसच्या आतच आलं. डोळ्यामागच्या नसेकडे मात्र त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “नसेवरचा खळगा जरा मोठा वाटतोय. कडेच्या नजरेची ती तपासणी तुमचीही करून घेऊ.”

अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या अर्ध्या गोलात डोकं घालून बसायचं होतं. एक डोळा झाकलेला, दुसऱ्याने मधल्या ठिपक्याकडेच बघायचं. कडेला कुठेही प्रकाशाचा कण लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. पहिल्यांदा कण भराभर दिसत होते आणि मी पटापट दाबत होते. परीक्षेत पहिले प्रश्न सोपे निघावेत तसं वाटलं. मग एकदम सगळं थांबलं. यंत्राची घरघर चालू होती, म्हणजे ते काम करत होतं, पण मला काही दिसत नव्हतं. यंत्राने काही दाखवलंच नाही, की दाखवलं आणि मला दिसलं नाही? हे कळायला मला काही मार्ग नव्हता. बटण नुसतंच दाबून टाकावं असं वाटलं, दोनदा दाबलंही असेल. आत बसलेली मी, बाहेर बसलेले बाबा, तिकडे खाटेवर आत्या, भिंत धरून चालणारे आजोबा, आणि घरी गृहपाठ करणारी माझी मुलगी, असे सगळे एकाच रांगेत उभे असल्यासारखं वाटलं आणि रडू आलं. यंत्र चालवणाऱ्या माणसाने बाहेरून आवाज दिला, “मॅडम, डोळा हलवू नका.”

कागद आला. माझ्या उजव्या डोळ्यात, नाकाच्या बाजूला, वरच्या अंगाला काळ्या चौकटींचा एक लहानसा झुबका होता. डॉक्टर म्हणाल्या की एका कागदावर त्या निकाल देत नाहीत, पुन्हा एकदा करू. पुढच्या आठवड्यात केलं. झुबका तिथेच होता. सुरुवात आहे, त्या म्हणाल्या. रात्री झोपताना एक थेंब, दर सहा महिन्यांनी तपासणी, आणि तुमच्या मुलीच्या प्रत्येक डॉक्टरला हे सांगत जा. पस्तीशीतली मी, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारी, आणि माझ्याच डोळ्यातली ही जागा मला ठाऊक नव्हती. आजही मी ती शोधते, एक डोळा मिटून, भिंतीकडे बघून. सापडत नाही.

दुसऱ्या खेपेला बरोबर आलेल्या बाबांनी तिथेच तो कागद माझ्याकडून मागून घेतला. त्यांनी तो नाकासमोर धरला आणि ओळीने, सावकाश, डावीकडून उजवीकडे वाचत गेले, प्रूफ वाचायचे तसे. काळ्या झुबक्याशी आल्यावर थांबले. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

“हे माझ्याकडून आलं,” ते म्हणाले. आणि माझ्यासमोर, दवाखान्यातल्या सगळ्या लोकांसमोर, माझे बाबा रडले. स्वतःचा कागद बघून ते रडले नव्हते.

मी म्हटलं, “बाबा, माझं लवकर सापडलंय.”

“हो,” त्यांनी रुमालाने चष्मा पुसला. “तुझं प्रुफात सापडलं. माझं छापून गेलं.”

बाहेर आलो तर टिळक रस्ता दुथडी भरून वाहत होता. बाबा पायरीवर थांबले. उभ्या आयुष्यात त्यांनी रस्ता ओलांडताना कुणाचा हात धरला नव्हता आणि कुणी धरू पाहिला तर झटकून टाकला होता.

“गाड्या कुठल्या बाजूने येताहेत?”

“दोन्हीकडून.”

“मग तू डावीकडे राहा,” ते म्हणाले, आणि चाचपत माझा दंड शोधू लागले. मी त्यांच्या डावीकडे गेले. मान पूर्ण वळवून बघितलं, मग पुन्हा एकदा बघितलं, आणि तरीही पाऊल उचलायला मला वेळ लागला.